आधी नोंद, मग पुसणे

पूर्वी कुणाला धाक घालायचा असला, तर रात्री त्याच्या दारावर कोळशाने काहीबाही लिहून ठेवीत. सकाळी घरच्यांनी ओले फडके फिरवले, की दार स्वच्छ होई. आता तेच काम मोबाइलवर होते. पण हे लिहिणे फडक्याने पुसता येत नाही. आणि घाईने पुसले, तर लिहिणारा सापडत नाही. म्हणून या कामात आधी काय करायचे आणि मग काय करायचे, हे समजून घेतले पाहिजे.

एक उदाहरण घेऊ. समजा, गावातली एक मुलगी तालुक्याच्या कॉलेजात शिकते. वसतिगृहात राहते. वरच्या वर्गातल्या काही जणांनी नव्या मुलींना छळले. या मुलीने प्राचार्यांकडे तक्रार केली. आठ दिवसांनी इन्स्टाग्रामवर कुणीतरी खोट्या नावाने खाते उघडले. त्यावर मुलीचा फोटो टाकला, तिचा फोन नंबर टाकला, वसतिगृहाचा पत्ता टाकला. खाली एक घाणेरडी ओळ लिहिली. त्या रात्रीपासून तिला अनोळखी माणसांचे फोन येऊ लागले. एकाने सांगितले, "तक्रार मागे घे, नाहीतर बघ."

मुलीने रडत घरी फोन केला. बाप चिडला. म्हणाला, "तो फोन फेकून दे. उद्या येतो आन् तुला घरी घेऊन जातो. शिकायचं न् काय नको."

बापाचा जीव तळमळला, हे खरे. पण नंबर टाकणाऱ्याला हेच तर हवे होते. मुलगी घरी गेली, म्हणजे तक्रार मिटली. शिवाय फोन फेकला, म्हणजे पुरावाही गेला.

मग काय करावे?

पहिले काम नोंदीचे. खात्याचे आणि त्या मजकुराचे फोटो काढून ठेवावेत. याला स्क्रीनशॉट म्हणतात. फोटोत खात्याचे नाव, मजकूर आणि तारीख दिसली पाहिजे. पण एवढ्याने भागत नाही. फोटोवरून काय लिहिले ते कळते, पण ते नेमके कुठे लिहिले ते कळत नाही. त्यासाठी लिंक लागते. लिंक म्हणजे त्या मजकुराचा पत्ता. मजकुराच्या कडेला तीन ठिपके असतात. त्यांत किंवा मजकूर पुढे पाठवण्याच्या खुणेत Copy link किंवा Link असे शब्द दिसतात. ती लिंक घेऊन घरच्या एका माणसाला पाठवून ठेवावी. खात्याचे नाव मागाहून बदलता येते. म्हणून खात्याची लिंक आणि मजकुराची लिंक, दोन्ही घ्याव्यात.

आलेल्या फोनांची वहीत नोंद करावी. तारीख, वेळ, नंबर आणि काय बोलला, एवढे पुरे. धमकीचे संदेश पुसू नयेत. ज्या फोनवर ते आले, तो फोन विकू नये आणि साफही करू नये. पोलिसांना तो पाहावा लागतो.

सिम एकदम बंद करू नये. तो नंबर बँकेला आणि आधारला जोडलेला असतो. बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्याला दिला जातो. मग बँकेचे गुप्त आकडे त्या परक्या माणसाच्या फोनवर जाऊ शकतात. त्यापेक्षा सिम ठेवावे, अनोळखी फोन उचलू नयेत आणि काही दिवस फोन घरच्या विश्वासू माणसाकडे द्यावा. बोलणाऱ्यांशी भांडू नये.

दुसरे काम पोलिसांचे. "खाते खोट्या नावाचे आहे, माणूस कसा सापडणार?" असे पुष्कळांना वाटते. पण खाते उघडताना फोन नंबर किंवा ईमेल द्यावा लागतो. ते कोणत्या जोडणीवरून चालवले, याचीही नोंद कंपनीकडे असते. पोलीस लिंक दाखवून ती नोंद मागतात. खाते बंद झाले, तरी भारतातल्या नियमाप्रमाणे कंपनीने माहिती १८० दिवस जपायची असते. त्यानंतर ती मिळेलच असे नाही. म्हणून उशीर करू नये. दर वेळी माणूस सापडतोच असेही नाही. त्याने दुसऱ्याचा फोन वापरला असेल, तर शोध अडतो.

"हे आमच्या हद्दीत येत नाही," असे पोलीस म्हणाले, तर परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याप्रमाणे अशा गुन्ह्याची खबर कोणत्याही ठाण्यात देता येते. खबर नोंदल्यावर तिची नक्कल फुकट मिळते. ठाण्याने नोंदवून घेतली नाही, तर हकीकत लिहून जिल्ह्याच्या पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवावी. cybercrime.gov.in या ठिकाणी मोबाइलवरूनही तक्रार देता येते. वसतिगृहाच्या दाराशी कुणी येऊन उभे राहिले, तर वाट न पाहता ११२ नंबर फिरवावा.

तक्रारीत एक चूक नेहमी होते. लोक नुसते लिहितात, "माझा नंबर टाकला." नंबर टाकणे या नावाचा वेगळा गुन्हा कायद्यात नाही. पण धमकी देणे हा गुन्हा आहे. नाव लपवून धमकी दिली, तर शिक्षा वाढते. स्त्रीने नको म्हटल्यावरही तिच्या मागे लागणे, तिची अब्रू जाईल असे लिहिणे, अश्लील मजकूर टाकणे, हेही गुन्हे आहेत. म्हणून नंबर कशासाठी टाकला आणि पुढे काय झाले, ते सगळे लिहावे.

तिसरे काम कॉलेजचे. महाराष्ट्रात छळाविरुद्धचा कायदा १९९९ पासून आहे. विद्यार्थ्याने, त्याच्या आईबापाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली, की प्राचार्यांनी ७ दिवसांत चौकशी करायची असते. तथ्य दिसले, तर छळणाऱ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची असते. तक्रारीच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. सूड म्हणून नंबर टाकला, हे त्यात स्पष्ट लिहावे.

कामावर जाणाऱ्या बाईला कुणी असे लैंगिक छळाने सतावले, तर तिने ३ महिन्यांच्या आत कार्यालयाच्या समितीकडे लेखी तक्रार द्यावी. जिथे १० माणसे कामाला नाहीत, तिथल्या बाईसाठी जिल्ह्याची समिती असते.

मजकूर पुसणे हे शेवटचे काम. नोंद झाली, की त्याच तीन ठिपक्यांतून Report दाबावे. मैत्रिणींनाही दाबायला सांगावे. पण त्यांनी तो मजकूर पुढे पाठवू नये. "बघा, काय लिहिलंय" म्हणून पाठवला, तरी नंबर आणखी पसरतोच. कुणी आधीच उतरवून घेतलेला फोटो मात्र परत येत नाही. एवढी मर्यादा ओळखून असावे.

अर्ज असा लिहावा:

"मा. पोलीस निरीक्षक यांस, मी ____ कॉलेजात शिकते. दि. ____ रोजी मी छळाबद्दल प्राचार्यांकडे तक्रार दिली. दि. ____ रोजी ____ या नावाच्या खात्यावर माझा फोटो, नंबर व पत्ता टाकला गेला. त्याची लिंक ____ ही आहे. तेव्हापासून मला ____ फोन आले. दि. ____ रोजी ____ या नंबरावरून 'तक्रार मागे घे' अशी धमकी आली. माझा संशय ____ यांच्यावर आहे. सोबत स्क्रीनशॉट व फोनांची यादी जोडली आहे. गुन्हा नोंदवून मला नक्कल द्यावी. सही ____"

संशय नसेल, तर ती ओळ गाळावी. उगीच कुणाचे नाव घालू नये.