डबा मागवताना 'मिली' नीट वाचा

ताईंनो, आपल्या एका गटाने जेवणाच्या ऑर्डरसाठी मोबाईलवरून वीस डबे मागवले. जाहिरातीत '९०० मिली' होतं. डबे आले तेव्हा कळलं, ती तीन वाट्यांची बेरीज होती! म्हणजे एका वाटीत ३०० मिली, तेही काठोकाठ पाणी भरलं तर. झाकणासाठी थोडी जागा सोडली की आमटी जेमतेम अडीचशे मिली मावते. म्हणून आकडा एका वाटीचा की सगळ्या डब्याचा, हे आधी बघा.

'लीकप्रूफ' लिहिलंय म्हणून लगेच विश्वास ठेवू नका. गळती थांबवते ती झाकणातली सिलिकॉनची रिंग. ती काढून धुता येते का, ते बघा. एकच डबा आधी मागवा, पाणी भरून दहा मिनिटं कागदावर उलटा ठेवा. पण गार पाण्याला न गळणारा डबा गरम आमटीला गळू शकतो, कारण कोंडलेली वाफ झाकण वर ढकलते. थोडी वाफ जाऊ द्या, मगच झाकण लावा.

गिऱ्हाईक ऑफिसात मायक्रोवेव्ह वापरणार असेल तर बाहेरून प्लॅस्टिक नि आतून स्टील असलेला डबा चालत नाही. फोटोत हे पटकन कळत नाही, म्हणून माहिती वाचा. प्लॅस्टिकच्या तळाला त्रिकोणात ५ असेल तर ते पॉलिप्रॉपिलीन, उष्णता बऱ्यापैकी सोसणारं. तरी 'मायक्रोवेव्ह सेफ' वेगळं लिहिलेलं हवं, आणि बऱ्याचदा ते फक्त डब्याला लागू असतं, झाकणाला नाही. नुसतं 'बीपीए फ्री' म्हणजे तो एक पदार्थ त्यात नाही, एवढंच.