नव्या घराचा मीटर आणि अर्जातले तीन रकाने

महावितरणच्या mahadiscom.in या संकेतस्थळावर घरगुती वीजजोडणीचा अर्ज भरणं अवघड राहिलेलं नाही. नाव, पत्ता, मोबाईल क्रमांक, शेजारच्या घराचा बारा अंकी ग्राहक क्रमांक, दोन-तीन कागदांचे फोटो, झालं. शेजारचा क्रमांक दिला की आपलं घर कोणत्या शाखा कार्यालयाच्या हद्दीत आणि कोणत्या खांबाजवळ आहे, हे तिथल्या अभियंत्याला लगेच कळतं. तरीही अनेक अर्ज अडकतात, किंवा जोडणी मिळते आणि बिल मात्र अपेक्षेपेक्षा वेगळं येतं. याचं मूळ बहुतेक वेळा तीन रकान्यांत सापडतं : किती लोड, कोणता वापर आणि जागा कोणाची. लोक हे रकाने कॅफेवाल्याच्या किंवा वायरमनच्या अंदाजाने भरतात. ते घरच्यांनीच बसून भरावेत.

एक उदाहरण धरू. फलटण तालुक्यातल्या एका गावात आजोबांच्या जुन्या घराच्या जागी नवं घर उभं राहिलं आहे. दोन खोल्या, स्वयंपाकघर, वर गच्ची. रस्त्याकडच्या खोलीत सूनबाईंना शिलाईचं काम करायचं आहे. घराची नोंद अजून आजोबांच्याच नावावर आहे आणि अर्ज करणारा नातू पुण्यात नोकरी करतो.

आधी लोड. कागदोपत्री त्याला मंजूर भार म्हणतात आणि तो किलोवॅटमध्ये लिहायचा असतो. घरातल्या प्रत्येक उपकरणावर त्याचे वॅट छापलेले असतात, ते एका वहीत उतरवून बेरीज करायची. आपल्या घरात एलईडी दिवे दहा, म्हणजे 100 वॅट. पंखे चार, 280. टीव्ही 100, फ्रिज 200, मिक्सर 750, धुण्याचं यंत्र 500, इस्त्री 1000, गिझर 2000 आणि टाकीत पाणी चढवणारी एक अश्वशक्तीची मोटर सुमारे 750. बेरीज 5680 वॅट, म्हणजे पावणेसहा किलोवॅटच्या आसपास. शिलाई यंत्राची छोटी मोटर धरली तरी सहाच्या आतच राहतं.

इथे दोन प्रकारच्या चुका होतात. पहिली, पैसे वाचवायचे म्हणून एक किलोवॅट लिहिणं. त्या भरानुसार मीटरपर्यंतची केबल आणि त्या भागाच्या रोहित्रावरचं नियोजन ठरतं. सगळं गाव असंच कमी लिहीत गेलं, तर संध्याकाळी मोटरी सुरू झाल्या की पंखे मंद फिरतात आणि दिवे पिवळे पडतात. मग तक्रार जाते, पण कागदावर रोहित्राला भरपूर जागा शिल्लक दिसत असते.

दुसरी चूक हौसेची. ‘पुढे लागलंच तर असू दे’ म्हणून लोक थ्री फेज मागतात. पुरवठ्याच्या नियमांत सिंगल फेजची मर्यादा 40 अँपियर आहे. 230 व्होल्टच्या हिशेबाने ते सव्वानऊ किलोवॅटच्या जवळ जातं. म्हणजे आपल्या घराला सिंगल फेज आरामात पुरतं. दीड टनाचा एसी बसवला, तरी बेरीज साडेसातच्या आसपास थांबते. एसीबरोबर दोन हजार वॅटची इंडक्शन शेगडीही आली, तर मात्र आकडा सव्वानऊच्या पुढे सरकतो आणि थ्री फेजचा विचार करावा लागतो.

थ्री फेजमध्ये वीज महाग मिळत नाही, पण स्थिर आकार वाढतो. 1 एप्रिल 2024 पासून लागू झालेल्या दरपत्रकात घरगुती सिंगल फेजला महिन्याला 128 रुपये आणि थ्री फेजला 424 रुपये स्थिर आकार होता. फरक 296 रुपयांचा, वर्षाला 3552. घर महिनाभर बंद असलं तरी हे पैसे द्यावेच लागतात. शिवाय थ्री फेजमध्ये भार दहा किलोवॅटच्या वर गेला, तर पुढच्या प्रत्येक दहा किलोवॅटला किंवा त्याच्या भागालाही जादा स्थिर आकार लागतो. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून अर्जाच्या दिवशीचं दरपत्रक पाहावं. हिशेबाची रीत हीच आहे.

गच्चीवर सौर पॅनल बसवायचे म्हणून आधीच भार फुगवून घ्या, असा सल्ला हल्ली सर्रास मिळतो. तो ऐकण्याचं कारण नाही. केंद्र सरकारच्या वीजग्राहक हक्क नियमांत 2024 साली झालेल्या दुरुस्तीनुसार दहा किलोवॅटपर्यंतच्या छतावरील सौर प्रकल्पाचा परिपूर्ण अर्ज तांत्रिक तपासणीशिवाय मंजूर धरला जातो आणि त्यासाठी मंजूर भार वाढवावा लागला, तर ते काम वितरण कंपनीने करायचं असतं. आपल्या घरासाठी मी सहा किलोवॅट, सिंगल फेज लिहीन. एसी आल्यावर भारवाढीचा वेगळा अर्ज करता येतो.

आता वापराचा प्रकार. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या दरपत्रकात लघुदाब घरगुती वापर पहिल्या वर्गात आहे आणि दुकान, कार्यालय वगैरे बिगरघरगुती वापर दुसऱ्या वर्गात. सूनबाईंच्या शिलाईमुळे घर दुसऱ्या वर्गात ढकललं जाईल, ही भीती खूप घरांत असते आणि त्यापोटी लोक काम लपवतात. लपवण्याची गरज नाही. राहत्या घराच्या एका भागात व्यवसाय चालत असेल आणि वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत, आधीच्या आर्थिक वर्षात एकूण 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागतो, अशी स्पष्ट तरतूद दरपत्रकात आहे. आर्थिक वर्ष संपलं की तपासणी होते, आणि 3600 ची मर्यादा ओलांडली असेल तर ग्राहकाला आधी कळवून पुढच्या काळासाठी वर्ग बदलतात. घरातून काम करणारे वकील, डॉक्टर, सनदी लेखापाल यांनाही घरगुती दर मिळतो, रुग्णालय किंवा शुश्रूषागृह चालवणाऱ्याला मात्र नाही.

धोका आहे तो वेगळीकडे. घर म्हणून मीटर घेतला आणि पूर्ण गाळा किराणा दुकानाला भाड्याने दिला, तर तो वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली मंजूर कारणाबाहेरचा वापर ठरतो. आकारणी योग्य वर्गाच्या दराच्या दुप्पट होते, आणि वापर केव्हापासून बदलला हे ठरवता आलं नाही, तर तपासणीच्या आधीच्या बारा महिन्यांसाठी होते. अशा गाळ्याची जोडणी पहिल्या दिवसापासून वेगळी घेणं स्वस्त पडतं. बांधकामाचंही ध्यानात ठेवावं. रिकाम्या जागेवर नवं घर बांधताना लागणारी वीज बिगरघरगुती दराने मिळते. घर पूर्ण झालं की घरगुती जोडणी मागायची, नाहीतर राहायला गेल्यावरही बांधकामाचाच दर चालू राहतो. राहत्या घराची डागडुजी किंवा वाढीव बांधकाम मात्र, वापर महिन्याला 500 युनिटच्या आत असेल, तर चालू मीटरवर करता येतं.

तिसरा रकाना जागेचा, आणि गावाकडचे सर्वाधिक अर्ज इथेच रखडतात. शहरात मालमत्ता कराची पावती, सूची क्रमांक दोन, सोसायटीचं भागप्रमाणपत्र असे कागद चालतात. गावात लागतो ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या कर आकारणीच्या नोंदवहीचा उतारा. पण ‘आठचा उतारा आणा’ असं ऐकून लोक तलाठ्याकडे जातात आणि आठ-अ घेऊन येतात. तलाठ्याचा आठ-अ शेतजमिनीच्या खात्याचा असतो. तुमच्या नावावर किती जमीन आहे, हे तो सांगतो, पण त्यात घराचा पत्ता नसतो. तो जोडला की अर्ज अपूर्ण ठरून परत येतो. ग्रामपंचायतीचा उतारा मिळकत क्रमांक, बांधकामाचा प्रकार आणि कराची रक्कम दाखवतो. तो पाहिजे.

अपूर्ण अर्जाचा खरा तोटा वेळेचा आहे. त्याच 2024 च्या दुरुस्तीने नव्या जोडणीची मुदत महानगरांत 3 दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रांत 7 आणि ग्रामीण भागात 15 दिवस केली, डोंगराळ ग्रामीण भागात 30. पण हे दिवस मोजायचे ते परिपूर्ण अर्ज पोचल्यापासून. चुकीचा उतारा जोडलेला असेपर्यंत मोजणी सुरूच होत नाही. वाहिनी वाढवायची, नवे खांब रोवायचे असतील तर वेळ जास्त लागतो.

आपल्या नातवापुढे मात्र आणखी एक प्रश्न आहे. नमुना आठवर आजोबांचं नाव, अर्जावर नातवाचं. आजोबा हयात असतील तर सरळ मार्ग म्हणजे अर्ज त्यांच्याच नावाने करणं, किंवा त्यांचं संमतीपत्र जोडणं. हयात नसतील तर वारसनोंद करून घ्यावी, आणि ती होईपर्यंत बाकी वारसांचं संमतीपत्र घ्यावं. आधार कार्डावरचं नाव आणि उताऱ्यावरचं नाव अक्षरशः जुळतं का, हेही पाहावं. ‘बाळू’ आणि ‘बाळासाहेब’ घरात एकच असले, तरी अर्ज तपासणाऱ्याला ते कसं कळणार?

भाडेकरूंनी या रकान्यापुढे हात टेकू नयेत. वीज कायद्याचं कलम 43 जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला, दोघांनाही वीज मागण्याचा हक्क देतं. घरमालकाने ना-हरकत दाखला नाकारला म्हणून भाडेकरूची वीज अडवता येणार नाही, जागा त्याच्या ताब्यात आहे का एवढंच पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये सांगितलं. नोंदणीकृत भाडेकरार किंवा ताबा दाखवणारा दुसरा कागद जोडावा. मीटर आपल्या नावावर आला म्हणून घरावर मालकी मात्र येत नाही, हे भावाभावांच्या वाटणीत दोन्ही बाजूंनी समजून घेतलं तर बरेच वाद टळतील.

आणि जुना मीटर. आजोबांच्या घराची जोडणी थकबाकीमुळे कायमची तोडली असेल, तर ती रक्कम जागेला चिकटून राहते. नवा अर्ज नव्या नावाने केला, तरी पाहणीत ती वर येतेच. वाटेकरी वारसाला ती पूर्ण भरावी लागते. घर विकत घेणाऱ्या त्रयस्थाची जबाबदारी आयोगाच्या नियमांनी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकीत बिलापुरती मर्यादित केली आहे. म्हणून जुन्या घराचं शेवटचं बिल शोधून, त्यावरच्या ग्राहक क्रमांकाने बाकी किती आहे ते अर्जाआधी पाहून घ्यावं.

अर्ज दाखल झाला की क्रमांक मिळतो, जागेची पाहणी होते आणि भरायच्या रकमेचं कोटेशन येतं. परवानाधारक विद्युत ठेकेदाराने घरातल्या वायरिंगचा चाचणी अहवाल द्यायचा असतो. त्यातला भार आणि अर्जातला भार एकच असायला हवा. कोटेशनमध्ये सुरक्षा ठेवही धरलेली असते. तिचा आकडा भार आणि दरवर्गावरून निघतो, त्यामुळे तो वाजवीपेक्षा मोठा दिसला तर त्या दोन रकान्यांतच चूक शोधावी, आणि पैसे भरण्याआधी शोधावी. पहिलं बिल आल्यावर त्यावर मंजूर भार आणि दरसंकेत वाचावा. आपल्या घराच्या बिलावर LT I Res 1-Phase असं छापलेलं हवं. दुसरं काही असेल तर त्याच आठवड्यात शाखा कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.