शब्द अडतो तेव्हा समोरचा काय करतो

दुसरी-तिसरीच्या वर्गशिक्षिका पालकांना हमखास एक शंका विचारतात. "कविता म्हणताना, पाढे म्हणताना तो कुठेच अडखळत नाही. मग हजेरीला नाव सांगतानाच का अडतो? मुद्दाम करतो का?"

मुद्दाम करत नाही. सगळ्यांसोबत कविता म्हणताना ताल आयता मिळतो, शब्द पाठ असतात आणि कोणी एकट्या त्याच्याकडे बघत नसतं. अडखळणारी बहुतेक माणसं कोरसमध्ये किंवा गाताना अस्खलित होतात. आपलं नाव सांगणं याच्या अगदी उलट आहे. सगळं लक्ष त्याच्यावर असतं, उत्तर लगेच हवं असतं आणि नावाला पर्यायी शब्द नसतो.

या मुलाला आपण पार्थ म्हणू. नाव सांगायला त्याचे ओठ 'प'साठी मिटतात आणि मिटलेलेच राहतात. आत हवेचा दाब वाढतो, मान ताठते, पापण्या फडफडतात, पण आवाज येत नाही. हा अटकाव झाला. कधी 'प-प-पार्थ' असं होतं, तर कधी 'स' किंवा 'म' लांबत जातो. हे रूप ओळखता आलं पाहिजे, कारण तीन वर्षांचं मूल "मला... मला... मला ते दे" असं अख्खा शब्द सहज, ताण न घेता पुन्हा म्हणतं, ते बहुतेकदा बोलायला शिकण्याचाच भाग असतं.

तोतरेपणा बहुधा दोन ते पाच वर्षांच्या दरम्यान सुरू होतो. बोलणं आखणं आणि ओठ, जीभ, स्वरयंत्र यांना नेमक्या क्षणी हलवणं यांचा मेळ मेंदू घालतो. तिथे काही मुलांमध्ये थोडा फरक असतो, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा आहे. जिभेत दोष नसतो. म्हणून जिभेला वेखंड उगाळून लावलं, अक्कलकाढा चघळायला दिला, तरी मूळ जागेपर्यंत काहीच पोचत नाही.

भित्रेपणामुळे मूल अडखळतं, ही समजूतही अशीच घट्ट आहे. पण नुकतीच अडखळू लागलेली तीन-चार वर्षांची मुलं इतर मुलांपेक्षा सर्वसाधारणपणे अधिक भित्री नसतात. भीती नंतर येते, शाळेच्या वयात वाढते, आणि ती बऱ्याच अंशी समोरच्यांच्या चेहऱ्यांवरून शिकलेली असते.

याचा एक क्रूर पुरावा अमेरिकेत आहे. १९३९ साली आयोवा विद्यापीठातले वाचातज्ज्ञ वेंडेल जॉन्सन यांच्या मार्गदर्शनाखाली मेरी ट्यूडर या विद्यार्थिनीने डॅव्हनपोर्टच्या अनाथाश्रमातल्या २२ मुलांवर प्रयोग केला. आईवडील बोलण्यातल्या चुकांवर बोट ठेवतात म्हणून मूल तोतरं होतं, असं जॉन्सन मानत. अगदी नीट बोलणाऱ्या सहा मुलांना सांगण्यात आलं की तुमच्यात तोतरेपणाची लक्षणं दिसताहेत, तेव्हा जपून बोला, नीट बोलता येणार नसेल तर बोलूच नका. पुढे २००२ मध्ये या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा ती मुलं खऱ्या अर्थाने तोतरी झाल्याचं दिसलं नाही. पण त्यातली काही मुलं गप्प झाली, लाजू लागली, बोलायला नकार देऊ लागली. विद्यापीठाने २००१ मध्ये जाहीर माफी मागितली. मला या प्रयोगातून दोन्ही गोष्टी एकदम दिसतात. टोकण्याने तोतरेपणा जन्माला येत नाही, त्यामुळे आईवडिलांनी स्वतःला दोषी धरू नये. पण टोकण्याने मूल बोलणंच सोडू शकतं.

पार्थकडे परत येऊ. घरी आलेले काका विचारतात, "नाव काय रे तुझं?" ओठ मिटतात. काका नजर वळवतात, आई पटकन म्हणते, "पार्थ." तीन सेकंदांत प्रसंग संपतो, पण पार्थच्या मनात तो राहतो. पुढच्या वेळी पाहुण्यांची चाहूल लागताच त्याचं लक्ष काय बोलायचं याऐवजी कसं बोलायचं याकडे जातं, स्नायू आधीच ताठतात आणि अटकाव लांबतो. भीतीने अडखळणं वाढतं आणि वाढलेल्या अडखळण्याने भीती.

मग मूल वाटा शोधतं. 'पाणी'ऐवजी "तहान लागली" म्हणतं. उत्तर येत असूनही "माहीत नाही" म्हणतं. घरच्यांना वाटतं, बरं झालं, आता अडखळत नाही! ही सुधारणा खरी की लपवाछपवी, हे ऐकून नव्हे तर पाहून कळतं. वाक्याच्या मध्येच शब्द बदलला, येणारं उत्तर टाळलं, दुकानात जायचं नाकारलं, तर तोतरेपणा आत गेला आहे, गेलेला नाही.

आपण सर्वात जास्त वेळा म्हणतो, "सावकाश बोल, श्वास घे, घाबरू नकोस." मनापासून म्हणतो, पण मुलाला ऐकू येतं की तू चुकतो आहेस. शिवाय आधीच बोलण्यावर खिळलेलं लक्ष आणखी तिथेच ओढलं जातं. शब्द पुरा करून देणंही तसंच, आणि आपला अंदाज चुकला तर त्याला पुन्हा सुरुवात करावी लागते.

त्याऐवजी आपण स्वतः सावकाश बोलावं. त्याचं वाक्य संपल्यावर क्षणभर थांबावं, मग बोलावं. शब्द अडला तर नेहमीसारखं त्याच्याकडे बघत राहावं, आणि उत्तर द्यावं ते त्याच्या म्हणण्याला. तो म्हणाला, "आज प-प-प-पतंग कापला मी," तर आईने विचारावं, "अरे वा, कोणाचा कापलास?" एवढंच. आणि तो स्वतःच वैतागून "मला बोलताच येत नाही" म्हणाला, तर "असं काही नाही" म्हणून झटकू नये. "हो, तो शब्द अडकला खरा. मी थांबते, तू सांग," असं म्हणता येतं. घरात नावच न काढलेली गोष्ट मुलाला लाजिरवाणी वाटू लागते.

वर्गात हजेरी क्रमाने होते, त्यामुळे आपला नंबर जवळ येताना पार्थची धडधड वाढत जाते. बाईंनी त्याला एकट्याला गाठून विचारावं, "तुला आधी बोलायला आवडेल की नंतर? जोडीने वाचूया का?" दोघांनी एकत्र धडा वाचला की तो बहुधा सरळ वाचतो. पण त्याला वाचनातून कायमचं वगळू नये, नाहीतर टाळण्याची सवय शाळाच लावेल. कोणी नक्कल केली तर त्या मुलाला थांबवणं हे बाईंचं काम, पार्थचं नव्हे.

ऐकणाऱ्याच्या धीराने तोतरेपणा पुसला जात नाही. भीतीची भर तेवढी पडत नाही. लहानपणी अडखळू लागलेल्या दर चारांपैकी साधारण तीन मुलांचं अडखळणं पुढे आपोआप किंवा उपचारांनी थांबतं, पण कोणाचं थांबेल हे आधी सांगता येत नाही. घराण्यात कोणाला तोतरेपणा असेल, सहा महिने ते वर्ष उलटलं असेल किंवा मूल ताण घेऊन बोलत असेल, तर वाचोपचारतज्ज्ञाकडे जावं. मुंबईत वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत अशी तपासणी होते. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी ऑस्ट्रेलियात विकसित झालेली लिडकोम्ब पद्धत आहे. तीत तज्ज्ञ पालकांना शिकवतात आणि पालक रोज थोडा वेळ मुलाशी बोलताना, तो सरळ बोलला की तेवढ्यापुरतं कौतुक करतात. ती पालकांनी स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही, कारण कौतुक किती आणि केव्हा करायचं, हे दर आठवड्याला तज्ज्ञ ठरवतात. पार्थच्या वयाच्या मुलांना अडकलेला 'प' जोर लावून फोडण्याऐवजी ओठ सैल करून सोडायला शिकवतात. त्याचबरोबर टाळलेले शब्द एकेक करून पुन्हा वापरायला लावतात, आधी आईशी, मग मित्राशी, मग कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात.