पडदा गप्प, गालिचा बोलका

नवं घर लावताना बहुतेकांकडे आधी सोफा येतो, मग गालिचा आणि सगळ्यांत शेवटी पडदे. हा क्रम चांगला आहे. साधं पडद्याचं कापड असंख्य छटांमध्ये मिळतं, मनासारखा गालिचा मात्र सहज सापडत नाही. गडबड होते ती पडदे घेताना. शेवटची खरेदी म्हणून पडद्याला किरकोळ समजलं जातं आणि दुकानात जो तागा जास्त उठून दिसतो तो फाडून आणला जातो.

मापं घेऊन पाहिली तर पडदा अजिबात किरकोळ नाही. एखाद्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमधला ११ बाय १६ फुटांचा हॉल घेऊ. बाल्कनीला ७ फूट रुंदीचं सरकतं दार, त्यावर ८ फुटांची दांडी, जमिनीपासून ८ फुटांवर. पडदे ओढले की ६४ चौरस फूट कापड समोर उभं राहतं. गालिचा ५ बाय ८ फुटांचा, म्हणजे ४० चौरस फूट, आणि त्यातलाही बराचसा भाग टीपॉय आणि सोफ्याच्या पुढच्या पायांखाली. तीन जणांच्या सोफ्याची समोरून दिसणारी बाजू वीसेक चौरस फुटांची. खोलीतलं सगळ्यांत मोठं कापड पडद्याचं असतं, शिवाय ते नजरेच्या उंचीवर असतं. त्यामुळे या तिघांपैकी एकालाच नक्षी द्यायची असेल, तर ती गालिच्याला द्यावी आणि पडद्याला गप्प ठेवावं, असं माझं ठाम मत आहे.

याच हॉलमध्ये आता रंग भरू. भिंती क्रीम, फरशी फिकट बदामी. सोफा गडद बाटली-हिरवा, साध्या कापडाचा. गालिचा भदोही-मिर्झापूरकडच्या हातविणीचा : जमीन मरून, काठ गडद निळा, वेलबुट्टी क्रीम आणि वाळूच्या रंगाची. अशा वेळी दुकानात हमखास मरून पडदा पुढे येतो, त्यावर सोनेरी छाप. ‘गालिच्याला मॅचिंग’ म्हणून तो पटतोही.

तो लावला की काय होतं? सोफा गडद, गालिचा गडद आणि आता पडदाही गडद. मधली क्रीम भिंत तुकड्यातुकड्यांत उरते. गडद आणि फिकट जिथे एकमेकांना भिडतात, तिथे नजर अडते. अशा कडा जितक्या जास्त, तितकी खोली भरल्यासारखी वाटते, मग सामान मोजकं का असेना. रंग जुळतात की नाही हा प्रश्न त्यानंतरचा. हे तपासायचा सोपा उपाय म्हणजे मोबाइलवर हॉलचा फोटो काढून तो काळा-पांढरा करणं. रंग निघून गेले की गडद ठिकाणं किती आहेत आणि कुठे कुठे विखुरली आहेत ते लगेच दिसतं. आपल्या हॉलमध्ये गडद भाग खालीच, सोफा आणि गालिचा मिळून एका ठिकाणी राहिला, तर वरचा अर्धा भाग मोकळा वाटतो.

म्हणून पडद्याचा रंग गालिच्यातूनच घ्यायचा, पण मरून नाही. गालिच्यात थोडाच वापरलेला, शांत असा वाळूचा रंग घ्यावा. तो भिंतीच्या क्रीमपेक्षा एक-दोन छटा गडद आहे, त्यामुळे पडदा भिंतीत मिसळतो, पण फिका पडत नाही. कापड साधं असलं तरी सपाट नको. जाड-बारीक सुताच्या, थोड्या खडबडीत विणीचं घेतलं तर जवळून पाहताना त्यात जीव वाटतो आणि लांबून ते शांत राहतं. रंग सोफ्याशी तंतोतंत जुळवण्याच्या मागे तर लागूच नये. दोन वेगळ्या विणींची कापडं उजेड वेगवेगळा परतवतात. जवळपास जुळलेला हिरवा हा न जुळलेल्या रंगापेक्षा जास्त खटकतो.

पडद्यावर छाप नको म्हणण्यामागे आणखी एक कारण आहे. दुकानात कापड टेबलावर पसरून दाखवतात, घरी ते चुण्यांमध्ये लटकतं. दांडीच्या दुप्पट रुंदीचं कापड लागतं, म्हणजे निम्मी नक्षी चुण्यांच्या आत जाते. मोठं फूल मध्येच कापलं जातं. दिवसा पडदा बाजूला सारला की तीच नक्षी आवळून रंगीबेरंगी उभे पट्टे होतात. शेजारी गालिच्याची वेलबुट्टी असताना हे पट्टे फार बोचतात.

छापाचा खर्चही वेगळा असतो. आपल्या ८ फुटी, म्हणजे ९६ इंची दांडीला १९२ इंच रुंदी हवी. कापडाचा पन्हा ५४ इंच धरला तर चार पाट लागतात. उंची ९६ इंच, वर-खाली दुमडायला मिळून १२ इंच, असे प्रत्येक पाटाला १०८ इंच, म्हणजे पावणेतीन मीटर. चार पाटांचं साधं कापड ११ मीटर होतं. नक्षी दर २४ इंचांनी पुन्हा येत असेल, तर शेजारच्या पाटांवर ती एका ओळीत बसवण्यासाठी प्रत्येक पाट १२० इंच कापावा लागतो. मग सव्वाबारा मीटर लागतं आणि वरचं बरंचसं कापड कातरणीत जातं.

कापड ठरवण्यापूर्वी मीटरभर तुकडा घरी आणावा आणि दांडीवर चुण्या पाडून टांगावा. चुण्यांमध्ये रंग गडद दिसतो, आणि मागून ऊन आलं की तोच रंग उजळतो. अस्तर नसलेल्या मरून पडद्यातून दुपारचं ऊन आलं तर अख्ख्या खोलीवर लाली चढते आणि हिरवा सोफा मातकट दिसतो. पांढरं अस्तर लावलं की हे बरंच टळतं. तोच तुकडा रात्री घरातल्या दिव्याखालीही पाहावा, कारण पिवळसर दिव्यात वाळूचा रंग ऊबदार वाटतो, तर पांढऱ्याशुभ्र दिव्यात राखाडीकडे झुकतो. गालिच्याचीही एक गंमत आहे : त्याची लव एका दिशेला कललेली असते, म्हणून तो एका बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद दिसतो. रंग जुळवण्याआधी गालिचा ज्या दिशेने कायम अंथरायचा आहे तसाच अंथरून, रोज बसतो त्या जागेवरून पाहावं.

सोफा आणि गालिच्याला जोडायचं काम पडद्यापेक्षा उशांच्या अभ्य्रांनी जास्त चांगलं होतं. हिरव्या सोफ्यावर दोन साधे मरून अभ्रे आणि एक क्रीम, बारीक चौकड्यांचा, एवढं पुरे. चौकडा बारीकच हवा. गालिच्याच्या बुट्टीएवढा मोठा घेतला तर दोन्ही नक्षी एकमेकींशी भांडतात.

छापाचे पडदे आधीच शिवून झाले असतील, तर ते टाकून देऊ नयेत. त्या खोलीत बोलायचं काम पडद्याकडे द्यावं. गालिचा उचलून आतल्या खोलीत न्यावा आणि हॉलमध्ये पडद्याच्या जमिनीच्या रंगाची साधी सुती दरी किंवा तागाची चटई अंथरावी. मोठ्या हॉलमध्ये खिडक्या अरुंद असतील तर छापाचा पडदा मुद्दामही लावता येतो, कारण तिथे तो भिंतीचा लहानसा भाग व्यापतो. मात्र सरकत्या दाराच्या लहान हॉलमध्ये छापाचा पडदा आणि नक्षीचा गालिचा एकत्र आले, तर दोघांतला एक हलवावाच लागतो.