आवाज पुण्यात, रेडिओ साताऱ्याजवळ

साताऱ्याजवळच्या एका गावात आजोबा ओसरीवर जुना ट्रान्झिस्टर लावून पुणे केंद्राच्या बातम्या ऐकत होते. नातीनं विचारलं, “आबा, त्या बाईंचा आवाज पुण्याहून हवेतून इथवर येतो?”

“आवाज येतच नाही, बाळा. आवाज हवेतून सेकंदाला ३४० मीटर जातो. शंभरेक किलोमीटर यायला त्याला पाच मिनिटं लागली असती, आणि वाटेतच तो विरला असता.”

मग येतं काय? येते ती रेडिओलहर. पुणे केंद्राची मध्यम लहर ७९२ किलोहर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ७ लाख ९२ हजार वेळा वरखाली होणारी. ती विद्युतचुंबकीय असते, प्रकाशाच्या वेगानं धावते आणि तिला हवेची गरजही लागत नाही. मायक्रोफोन आवाजाचे चढउतार विजेत उतरवतो आणि प्रक्षेपक त्या चढउतारांप्रमाणे लहरीची उंची कमीजास्त करतो.

आजोबांनी टॉर्च पेटवला आणि काचेपुढे बोटं हलवून उजेड कमीजास्त केला. “उजेड तोच, पण माझ्या बोटांची हालचाल तुला भिंतीवर दिसते ना? तसंच हे.”

रेडिओचा काटा ७९२ वर आणला की आतलं मंडल नेमक्या त्या लहरीला साथ देतं, बाकीच्या मागे पडतात. पुढे डायोड लहरीचे वेगवान हेलकावे गाळून फक्त उंचीचे चढउतार उरवतो. त्यांवर स्पीकरचा कागदी पडदा थरथरतो आणि आवाज पुन्हा जन्मतो, तोही ओसरीवरच्याच हवेत.

एवढ्यात खरखर सुरू झाली. नातीनं रेडिओ उचलून हळूहळू फिरवला. एका दिशेला बाईंचा आवाज जवळजवळ बुडाला, पाव वळसा दिला तसा स्वच्छ झाला. आत फेराइटची काळी कांडी असते, तिच्यावर तांब्याची तार गुंडाळलेली. तोच मध्यम लहरींचा अँटेना. कांडीचं टोक केंद्राकडे असलं की ती सर्वात कमी पकडते, आडवी असली की सर्वात जास्त. मला या साऱ्यातला हा प्रयोग सगळ्यात मोलाचा वाटतो, कारण न दिसणारी लहर कुठून येते हे त्यात हातालाच कळतं.

थोडी खरखर मात्र उरलीच. आजोबांनी शेजारचा मोबाइल चार्जर काढायला सांगितला आणि ती थांबली. चार्जरमधल्या विजेच्या झटपट उघडझापीतूनही लहरी निघतात. त्या आणि आकाशातली वीज लहरीच्या उंचीतच ढवळाढवळ करतात, म्हणून मध्यम लहरींवर खरखर जास्त. एफएममध्ये उंचीऐवजी कंपनसंख्या बदलतात, त्यामुळे तिथे ती कमी.

घरात जुना रेडिओ असेल तर रात्री मध्यम लहरींवर लावा. दिवसा या लहरी शोषणारा वातावरणाचा वरचा थर तेव्हा विरळ होतो आणि शेकडो किलोमीटरवरची केंद्रं लागतात. रेडिओ फिरवत राहा, म्हणजे केंद्राच्या दिशेचा थोडाफार अंदाज येईल.