भाऊसाहेबांच्या निरोपाचे भाषण

महाराष्ट्रातील अनुदानित माध्यमिक शाळेत मुख्य लिपिकाला नावाने हाक मारणारे थोडेच. शिक्षक, शिपाई, पालक, सगळ्यांचे ते ‘भाऊसाहेब’. कनिष्ठ लिपिक म्हणून लागायचे, वरिष्ठ लिपिक व्हायचे आणि जागा रिकामी झाली की मुख्य लिपिकाच्या खुर्चीवर बसायचे, असा हा प्रवास पुष्कळदा एकाच संस्थेत तीस-पस्तीस वर्षे चालतो. वयाच्या 58 व्या वर्षी तो संपतो. त्या दिवशीच्या सेवापूर्ती समारंभात शाल-श्रीफळ आणि सपत्नीक सत्कार ठरलेलेच असतात. अवघड असते ते भाषण. शिक्षकाच्या निरोपाला माजी विद्यार्थी उठून बोलतात, वर्गातल्या आठवणी सांगतात. लिपिकाचे काम मात्र कागदावर असते, आणि ते चोख झाले तर कोणाच्या लक्षातही येत नाही. म्हणूनच बोलणारा चांगला असूनही प्रामाणिक, कष्टाळू, मनमिळाऊ, हसतमुख ही चार विशेषणे वाटून खाली बसतो. ही विशेषणे खोटी नसतात, पण ती कोणालाही लागू पडतात आणि सत्कारमूर्तींनी नेमके काय केले हे ऐकणाऱ्याला कळतच नाही.

या समारंभाची तारीख हाच पहिला पेच असतो. ज्या महिन्यात 58 वर्षे पूर्ण होतात त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी कर्मचारी निवृत्त होतो; जन्म महिन्याच्या 1 तारखेचा असेल तर आधीच्या महिन्याच्या अखेरीस. एका पिढीतल्या असंख्य मुलांची जन्मतारीख शाळेत घालताना 1 जून अशी लिहिली गेली. साहजिकच त्या पिढीतले पुष्कळ जण 31 मे रोजी निवृत्त होतात, आणि तेव्हा शाळेला उन्हाळ्याची सुट्टी असते. वर्ग बंद, शिक्षक गावाला, कार्यालय मात्र सुरू, कारण लिपिकाला शिक्षकांसारखी दीर्घ सुट्टी नसते. मग समारंभ एप्रिलअखेर उरकला जातो किंवा जूनच्या मध्यावर शाळा उघडल्यावर होतो. भाषण करणाऱ्याने हे आधी विचारून घ्यावे. एप्रिलमध्ये बोलताना ‘आज आपण निवृत्त होत आहात’ म्हटले तर भाऊसाहेब दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीप्रमाणे टेबलावर दिसतात. जूनमध्ये बोलताना त्यांच्या जागी बसलेला माणूस समोरच असतो, त्याचा उल्लेख राहता कामा नये.

भाषणाचा कच्चा माल दोन ठिकाणी मिळतो. एक म्हणजे सेवापुस्तक. नेमणुकीचा दिनांक, पदोन्नत्या, वेतनवाढी, रजा यांच्या नोंदी त्यात क्रमाने असतात. त्यातला तपशील अचूक असतो, पण कोरडा. भाषणात त्यातली दोन-तीन वर्षेच पुरतात. दुसरे आणि जास्त उपयोगाचे साधन म्हणजे चार्ज यादी. कार्यभार सोपवताना मुख्य लिपिक ज्या वस्तू आणि दप्तर पुढच्याच्या हवाली करतो त्यांची ही यादी: जनरल रजिस्टर, शाळा सोडल्याच्या दाखल्यांची पुस्तके, कॅशबुक, आवक-जावक नोंदवह्या, वेतन देयकांच्या फायली, कर्मचाऱ्यांची सेवापुस्तके, डेडस्टॉक रजिस्टर, कपाटांच्या किल्ल्या. बोलणाऱ्याने ही यादी घेऊन भाऊसाहेबांजवळ, किंवा त्यांना कळू द्यायचे नसेल तर कनिष्ठ लिपिकाजवळ, अर्धा तास बसावे आणि प्रत्येक दप्तराविषयी एकच प्रश्न विचारावा: यात सर्वांत त्रासाचे काम कोणते झाले? मिळालेल्या उत्तरांतून एक किंवा दोन कामे निवडावीत आणि तीच सविस्तर सांगावीत.

उदाहरणासाठी 1 जून 1967 ही जन्मतारीख असलेले, 1991 मध्ये कनिष्ठ लिपिक म्हणून लागलेले आणि 31 मे 2025 रोजी निवृत्त झालेले एक भाऊसाहेब कल्पावेत. त्यांच्या 34 वर्षांच्या सेवेत तीन वेतन आयोग येऊन गेले: 1 जानेवारी 1996 पासूनचा पाचवा, 1 जानेवारी 2006 पासूनचा सहावा आणि 1 जानेवारी 2016 पासूनचा सातवा. प्रत्येक वेळी शाळेतल्या प्रत्येक कर्मचाऱ्याची वेतननिश्चिती करायची, म्हणजे जुन्या श्रेणीतले मूळ वेतन घेऊन नव्या श्रेणीत तो नेमका कुठे बसतो हे ठरवायचे, विकल्प भरून घ्यायचे, फरकाची देयके करायची आणि सेवापुस्तकात नोंद घ्यायची. पुढे पडताळणी होते. त्यात चूक निघाली, एखादी वेतनवाढ जास्त लागली असेल, तर जादा गेलेल्या रकमेची वसुली निघते, आणि ती बहुधा निवृत्तीच्या तोंडावर पुढे येते. पेन्शनचे प्रकरण अडते, महालेखापाल कार्यालयातून त्रुटी निघून कागद परत येतात. वीस वर्षांपूर्वी कोणीतरी घाईत लिहिलेल्या एका आकड्याचा भुर्दंड निवृत्त शिक्षकाला पडतो.

म्हणून ज्या शाळेत शिक्षक निवृत्त झाले आणि वसुली निघाली नाही, तिथे भाऊसाहेबांचे काम न घडलेल्या गोष्टीतून दिसते. भाषणात हे असे सांगता येते: ‘भाऊसाहेब, या सभागृहात बसलेल्या प्रत्येक शिक्षकाचे सेवापुस्तक तुमच्या हाताखालून गेले आहे. आपापल्या वेतननिश्चितीचा कागद आम्ही सही करण्यापुरता पाहिला. तुम्ही तो तीनदा तपासला. गेल्या दहा वर्षांत इथून निवृत्त झालेल्या एकाही सहकाऱ्याची पेन्शन त्रुटीसाठी परत आली नाही. हे आम्हाला आज मुद्दाम सांगावे लागते आहे, कारण तुम्ही ते आम्हाला कधीच सांगितले नाही.’ हा परिच्छेद अर्ध्या मिनिटात बोलून होतो. त्यातला दहा वर्षांचा दावा मात्र खरा आहे की नाही हे आधी फायलीतून पाहून घ्यायला हवे. समारंभात कौतुक म्हणून केलेले खोटे विधान सत्कारमूर्तींनाच सर्वांत आधी टोचते. नोंद हा ज्याचा आयुष्यभराचा धर्म, त्याला चुकीची नोंद लगेच दिसते.

दुसरे काम जनरल रजिस्टरचे. शाळेत प्रवेश घेतलेल्या प्रत्येक मुलाचे नाव, जन्मतारीख, जात, जन्मस्थळ आणि शाळा सोडल्याचा दिनांक त्यात असतो, आणि हे दप्तर कायम जपायचे असते. जातपडताळणीसाठी माणसे याच वह्यांकडे येतात. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 या तारखांच्या आधीचा पुरावा महत्त्वाचा धरला जातो. त्यामुळे अर्जदार स्वतःच्या दाखल्यावर थांबत नाही, आजोबांच्या किंवा चुलतआजोबांच्या नोंदीचा उतारा मागतो. नोंद सापडली नाही तर इंजिनिअरिंगचा प्रवेश हातचा जाऊ शकतो. 2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा जुन्या शाळांच्या कपाटांतली रजिस्टरे पुन्हा बाहेर निघाली. काहींत मोडी लिपीतल्याही नोंदी होत्या.

अशा वेळी भाऊसाहेबांनी पूर्वी केलेले एखादे बिनबोभाट काम कामी येते. जीर्ण पाने सुटी होण्याआधी वह्या बांधून घेणे, आडनावांची सूची करून ठेवणे, वाळवीपासून वाचवण्यासाठी कपाट भिंतीपासून सरकवणे. भाषणात यातले एकच काम घ्यावे आणि ते शेवटपर्यंत न्यावे: कोण आले, कोणते वर्ष हवे होते, वही कुठल्या अवस्थेत होती, उतारा किती वेळात मिळाला. त्याचबरोबर त्यांनी काय नाकारले तेही सांगण्यासारखे असते. जनरल रजिस्टरमधील जन्मतारीख किंवा जात शिक्षणाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय बदलता येत नाही. ‘एवढी तारीख तेवढी करून द्या’ म्हणत येणाऱ्यांत गावातले वजनदार लोकही असतात. त्यांना चहा पाजून परत पाठवणे हा भाऊसाहेबांच्या नोकरीतला सर्वांत कठीण भाग असतो, आणि सभेत बसलेल्या अनेकांना तो माहीतही असतो.

मात्र इथे एक मर्यादा सांभाळावी लागते. लिपिकाच्या दप्तरात गावाची खाजगी माहिती असते: कोणाची फी थकली होती, कोणाचा जातीचा दावा फेटाळला गेला, कोणाच्या वडिलांचे नाव दाखल्यावर नव्हते. नाव गाळून सांगितले तरी लहान गावात माणूस ओळखला जातो. असा प्रसंग कितीही हृद्य असला तरी सोडून द्यावा. भाऊसाहेबांनी ज्या गोष्टी तीस वर्षे पोटात ठेवल्या त्या त्यांच्याच निरोपात बाहेर काढणे हा त्यांचा अपमान ठरतो. थकीत देयके, संस्थेतले वाद, अपुरा कर्मचारीवर्ग हे विषयही या व्यासपीठावर नकोत. वहिनी आणि मुले समोर बसलेली असतात.

बोलण्याची लांबी पाच ते सात मिनिटे पुरे. प्रास्ताविक करणाऱ्याने जन्म, शिक्षण, नेमणूक हे सांगितलेलेच असते, त्यामुळे पुढच्या वक्त्याने ते पुन्हा वाचू नये. व्यासपीठावरच्या मान्यवरांची नावे सूत्रसंचालकाने घेतली असतील तर एका वाक्यात वंदन करून थेट विषयावर यावे. ‘भाऊसाहेब’ म्हणून त्यांच्याकडे पाहून ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’ म्हणत बोललेले भाषण सभेकडे तोंड करून त्यांच्याविषयी बोलण्यापेक्षा पोहोचते. आणखी एक घसरण फार वेळा होते. ‘भाऊसाहेब फार सज्जन होते, त्यांचा स्वभाव शांत होता’ असे भूतकाळात बोलत गेले की निरोप समारंभाची शोकसभा होते. काम भूतकाळात सांगावे, माणूस वर्तमानकाळातच ठेवावा. ‘आता घरी आराम करा’ हा सल्लाही टाळावा. ज्याला शाळेतल्या प्रत्येक कागदाचा ठावठिकाणा माहीत आहे, त्याला जूनमध्ये प्रवेश सुरू झाल्यावर दोनदा तरी फोन जाणार, हे सगळेच जाणतात.

भाषणाचा शेवट दप्तरावर करता येतो: चार्ज कोणी घेतला, त्याने भाऊसाहेबांच्या हाताखाली किती वर्षे काम केले, कोणती कामे तो आता एकट्याने करतो. त्यानंतर वक्त्याने बसावे, कारण कार्यक्रमात अजून सत्कारमूर्तींचे उत्तर आणि अध्यक्षीय भाषण बाकी असते, आणि लोकांना खरे ऐकायचे असते ते भाऊसाहेबांना. ते बहुधा दोनच मिनिटे बोलतात. भाषण लिहून काढले असेल तर समारंभ संपल्यावर त्याची स्वच्छ प्रत त्यांच्या हाती द्यावी, खाली दिनांक आणि सही घालून.