स्कोअर शून्य, तरी छातीत दडपण

समजा, ५४ वर्षांच्या एक बाई आहेत. डायबेटिस आहे. जिन्याचे तीन मजले चढल्या की छातीत दडपण येतं, कठड्याला टेकून दोन मिनिटं थांबलं की जातं. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये कॅल्शियम स्कोअर होता, तो शून्य आला. घरच्यांनी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दडपण मात्र गेलं नाही.

मग चुकलं कोण? मशीन तर नाही. त्याला विचारलेला प्रश्नच वेगळा होता.

हृदयाला रक्त पुरवणाऱ्या करोनरी धमन्यांच्या भिंतीत चरबीचा थर साचतो. हा थर जुना होत गेला की त्यात कॅल्शियम बसतं, साध्या भाषेत चुना. कॅल्शियम स्कोअरच्या सीटी स्कॅनमध्ये इंजेक्शन नसतं. छातीवर ईसीजीच्या तारा लावायच्या, काही सेकंद श्वास रोखायचा, झालं. मग कॉम्प्युटरवर चुन्याचे पांढरे ठिपके मोजतात. ठिपका ६ चौरस मिलिमीटरचा असेल आणि त्याच्या घनतेला ३ गुण असतील, तर स्कोअर १८. अशा सगळ्या ठिपक्यांची बेरीज म्हणजे तुमचा आकडा. १९९० मध्ये अगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली, म्हणून तिला त्यांचंच नाव आहे.

थोडक्यात, हा स्कोअर आजाराचा जुना साठा सांगतो. काहीच त्रास नसलेल्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही, अशा पेचात तो फार कामाचा. पण चरबीचा कोवळा, मऊ थर या स्कॅनला दिसतच नाही. शिवाय एक गंमत: स्टॅटिनची गोळी घेतल्यावर मऊ थर घट्ट होतो आणि स्कोअर उलट वाढू शकतो. तेव्हा गोळीचा गुण तपासायला दरवर्षी स्कोअर काढणं म्हणजे पैसे घालवून घाबरून घेणं.

बाईंना त्रास आहे, म्हणून पुढची पायरी सीटी अँजिओग्राफी. आधी क्रिएटिनिन पाहिलं, कारण यात आयोडीनचं औषध शिरेतून जातं आणि ते किडनीला पेलायला हवं. बाईंची नाडी ८४ होती. धडधडणाऱ्या हृदयाचा फोटो हलतो, म्हणून मेटोप्रोलॉल देऊन नाडी साठच्या आसपास आणली. धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन. औषध आत गेलं की अंगभर ऊब पसरते, नकळत लघवी झाली की काय असं वाटतं. हे आधी सांगितलेलं बरं. चित्रात डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत मऊ थर दिसला, साधारण ६० ते ७० टक्के अरुंद. चुन्याचा कणही नाही.

इथे सीटीची हद्द येते. रस्ता किती अरुंद झालाय ते ती सांगते, पण त्यामुळे रक्त खरोखर कमी पडतंय का, हे नुसत्या चित्रावरून ठरत नाही. आता मनगटातून नळी घालून केलेली नेहमीची अँजिओग्राफी आणि त्यातच दाब मोजणारी बारीक तार. अडथळ्याच्या अलीकडे दाब ९०, पलीकडे ६५. भागाकार ०.७२. ०.८० किंवा त्याखाली आकडा आला, तर अडथळा रक्तपुरवठ्याच्या आड येतोय असं धरतात. आता औषधांवर राहायचं की स्टेंट, हे बोलायला हातात काहीतरी ठोस आलं.

मग थेट नळीच का नाही घातली? युरोपातल्या ‘डिस्चार्ज’ अभ्यासात (२०२२) अशाच मध्यम शक्यतेच्या ३,५६१ रुग्णांत काहींची सुरुवात सीटीने केली, काहींची थेट अँजिओग्राफीने. दोन्ही गटांत जेमतेम चौघांतल्या एकालाच मोठा अडथळा निघाला. साडेतीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्र प्रमाण २.१ आणि ३ टक्के होतं, म्हणजे खात्रीने बोट ठेवावं असा फरक नाही. पण तपासणी आणि उपचारांतली मोठी गुंतागुंत सीटीच्या गटात ०.५ टक्के, दुसऱ्यात १.९ टक्के. मात्र अटॅक चालू असेल, तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवून थेट कॅथ लॅब.

उलट टोकही पाहा. बाईंचे ७२ वर्षांचे थोरले दीर. त्रास तोच, पण स्कोअर १,४००. ओल्या कागदावर शाईचा ठिपका पसरावा तसा चुना सीटीच्या चित्रात पसरतो आणि आतली मोकळी वाट झाकून टाकतो. निम्मा अडथळा पूर्ण वाटू शकतो. त्यात नाडी अनियमित असेल तर चित्र आणखीच फाटतं. रिपोर्टमध्ये ‘या भागाचं नीट मूल्यमापन करता आलं नाही’ असं वाक्य येतं, आणि शेवटी नळी घालावी लागतेच. अशा माणसाला सीटीचं औषध आणि खर्च वाचवून थेट मनगटाकडे वळणारा डॉक्टर घाई करत नसतो.